जिभेवरचा फिरता नकाशा

गतवर्षी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत डब्यातले लोणचे बाजूस सारू लागला. कारण विचारता त्याने ओशाळून जीभ दाखविली. डाव्या कडेस चिंचोक्याएवढा तांबडा, गुळगुळीत डाग होता. त्याभोवती पांढुरकी, किंचित उंच अशी नागमोडी किनार. पोटात उष्णता झाली म्हणून घरी सब्जाचे पाणी चालू होते. वर्गात मात्र त्याच्या पेल्यास कोणी हात लावीत नसे, आणि त्याचेच त्याला अधिक दुःख होते.

आम्ही वैद्य नव्हे. परंतु भूगोल शिकविण्याची सवय असल्यामुळे आम्ही त्यास सुचविले की, रोज सकाळी आरशात पाहून वहीत जिभेचा आराखडा काढावा व खाली तारीख घालावी. चौथ्या दिवशीच्या चित्रात डाग टोकाकडे पसरला होता. आठव्या दिवशी मूळची जागा पूर्ववत् झाली होती आणि उजव्या बाजूस नवे बेट उगवले होते! दंतवैद्यांनी वही चाळली, जीभ पाहिली आणि ही 'भौगोलिक जीभ' होय असे सांगितले. रक्ततपासणी नाही, की औषध नाही.

जिभेच्या पृष्ठभागावर केसांसारखे अतिसूक्ष्म अंकुर दाट उगवलेले असतात. ते एखाद्या ठिकाणी झडले की खालचा तांबडा भाग उघडा पडतो. काही दिवसांनी वा आठवड्यांनी तेथे ते पुन्हा उगवतात व दुसरीकडे झडतात. म्हणून नकाशा फिरतो. या अंकुरांत रुची ओळखणाऱ्या कलिका नसतात. त्यामुळे चव जात नाही. आंबट, तिखट वा कढत पदार्थ मात्र उघड्या जागी झोंबतात, तेही सर्वांनाच नव्हे. अंकुर का झडतात, याचे निश्चित कारण अद्याप सापडलेले नाही. शंभरांत एक ते तीन माणसांत हा प्रकार आढळतो, आणि पुष्कळदा एकाच कुटुंबात. तो संसर्गजन्य नाही. तेव्हा पेल्याची भीती निराधारच होती.

तोंडात बुरशी झाली असता पांढरा थर पुसला की बहुधा निघून येतो. या नकाशाची किनार पुसून जात नाही. तोंड आले असता लहानसा खोलगट व्रण पडतो आणि काही न खाताही दुखतो. पण मुख्य खूण म्हणजे स्थलांतर. जो डाग वा व्रण दोन आठवडे उलटूनही एकाच जागी राहतो, हातास टणक लागतो किंवा त्यातून रक्त येते, त्याला नकाशा समजून स्वस्थ बसू नये. तो डॉक्टरांना दाखवावाच.

वहीतील चित्रे पाहून त्या मुलाच्या आजीने हसत आपली जीभ पुढे केली. तिच्याही जिभेवर दोन बेटे होती. इतक्या वर्षांत कोणी पाहिलीच नव्हती! वही अद्याप चालू आहे. ज्या दिवशी आराखडा कोरा राहतो, त्या दिवशी डब्यात लोणचे असते.