आरडीचा हिशोब तारखांवरून

बँकेत आवर्ती ठेव, म्हणजे सगळे जिला आरडी म्हणतात ती, उघडली की पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम छापून मिळते. वर्षभराने खात्यात येणारी रक्कम मात्र कधी कधी त्याहून थोडी कमी असते. हा फरक कुठून आला हे शोधायचं असेल, तर पासबुकातल्या हप्त्यांच्या तारखा घेऊन बसावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. 10 एप्रिल 2024 ला दरमहा 5000 रुपयांची, एक वर्षाची आरडी उघडली. व्याजदर 7 टक्के, चक्रवाढ तिमाही. मुदतपूर्ती 10 एप्रिल 2025 ला. तिमाही चक्रवाढ म्हणजे दर तीन महिन्यांनी पाव दर, इथे 1.75 टक्के, मुद्दलात मिसळतो. पहिला हप्ता चार तिमाह्या राहतो, म्हणून त्याचे 1.0175 चा चौथा घात, अर्थात 5359.30 रुपये होतात. म्हणजेच 7 टक्क्यांचं वर्षभरातलं प्रत्यक्ष व्याज 7.19 टक्के पडतं.

अडचण पुढच्या हप्त्यांची. मे महिन्याचा हप्ता चार पूर्ण तिमाह्या राहत नाही आणि मार्चचा तर एकही नाही. बँका त्यासाठी महिना म्हणजे तिमाहीचा एक तृतीयांश धरतात आणि सगळे हप्ते एकाच सूत्रात बसवतात:

```
M = R × [(1+i)^n − 1] / [1 − (1+i)^(−1/3)]
```

R म्हणजे हप्ता, n म्हणजे तिमाह्यांची संख्या आणि i म्हणजे तिमाहीचा दर, इथे 0.0175. उत्तर येतं 62,311 रुपये. पावतीवर हीच रक्कम दिसते. बरेच जण एसआयपीचं सूत्र लावतात आणि दराला 12 ने भागतात. त्यात चक्रवाढ मासिक होते आणि उत्तर 62,324 येतं. मग ‘बँकेने 13 रुपये कमी दिले’ अशी तक्रार होते, पण चूक बँकेची नसते.

या सूत्रात सगळे महिने सारखे आहेत आणि हप्ते ठरल्या दिवशीच भरले गेले, असं गृहीत धरलेलं असतं. खऱ्या तारखांचा हिशोब करायचा तर प्रत्येक हप्ता किती दिवस बँकेत राहिला ते मोजायचं. स्प्रेडशीटच्या A रकान्यात तारखा, B मध्ये रकमा, E1 मध्ये 7% आणि E2 मध्ये मुदतपूर्तीची तारीख लिहायची. मग C रकान्यात:

```
=B2*(1+$E$1/4)^(4*($E$2-A2)/365)
```

हेच सूत्र बाराही ओळींत खाली ओढून C ची बेरीज करायची. सगळे हप्ते 10 तारखेला भरले असतील तर बेरीज 62,305 येते. बँकेच्या आकड्यापेक्षा ही सुमारे 5 रुपयांनी कमी आहे, कारण महिने खरोखर सारखे नसतात. एवढा फरक सोडून द्यावा.

आता समजा, ऑगस्टचा हप्ता राहून गेला आणि 10 सप्टेंबरला दोन हप्ते एकदम भरले. शिवाय जानेवारीचा हप्ता 28 तारखेला गेला. ऑगस्टचा हप्ता 31 दिवस उशिरा आल्याने 31 रुपये बुडाले, जानेवारीच्या 18 दिवसांनी 17 रुपये गेले. तारखांप्रमाणे होतात 62,257 रुपये.

बँका मात्र सहसा असं मोजत नाहीत. अनेक ठिकाणी त्या महिन्याच्या आत आलेला हप्ता वेळेवरच धरतात, त्यामुळे जानेवारीच्या उशिराची झळ लागत नाही. महिना उलटला की ठरलेला दंड लागतो. शंभर रुपयांमागे महिन्याला दीड रुपया हा पाच वर्षांपर्यंतच्या आरडीसाठी परिचित दर आहे. ऑगस्टच्या 5000 वर तो 75 रुपये होतो, म्हणजे बुडालेल्या व्याजाच्या दुपटीहून जास्त. 62,311 तून 75 वजा जाता हाती येतात 62,236. ठेवीदाराने जपायची ती ही महिनाअखेर. दहा तारीख चुकली तर फारसं बिघडत नाही. उलट, महिन्यातला हप्ता चार दिवस आधी भरला म्हणून या सूत्रात एक पैसाही वाढत नाही.

तारखांच्या याच यादीतून उलटा हिशोबही करता येतो. शेवटच्या ओळीत मुदतपूर्तीची तारीख आणि मिळालेली रक्कम वजा चिन्हाने लिहून `XIRR` लावावं, मग `NOMINAL` मध्ये 4 देऊन ते तिमाही दरात आणावं. आपल्या उदाहरणात उत्तर 6.93 टक्क्यांच्या आसपास येतं. ‘दर 7 टक्के होता, मला किती पडला?’ या प्रश्नाचं ते खरं उत्तर.

हाती आलेली रक्कम याहूनही बरीच कमी असेल, तर आधी टीडीएस कापला आहे का ते पाहावं. मुदतीआधी खातं मोडलं असेल, तर बँक ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातूनही सहसा काही कपात करते. मग वरच्या सूत्रात E1 मध्ये तोच कमी झालेला दर घालावा. यापैकी काहीही लागू नसताना फरक पाच-दहा रुपयांपेक्षा मोठा राहत असेल, तर तारखांचा तक्ता छापून शाखेत घेऊन जावा आणि दंड कोणत्या हप्त्यावर, किती महिन्यांचा लावला ते लेखी मागावं.