डिपेंडंट सोर्स बंद करायचा नसतो

घरावरची टाकी भरली की बझर वाजवणारं एक साधं सर्किट असतं. पाण्यातून येणारा प्रवाह क्षीण असतो. ट्रान्झिस्टर त्याच्या ठरावीक पट प्रवाह वाहू देतो. दुसरीकडच्या प्रवाहावर ज्याची किंमत ठरते, अशा स्रोताला इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ‘डिपेंडंट सोर्स’ म्हणतात.

बझरच्या दोन टोकांकडून पाहिलं, तर मागचं सगळं जाळं एक स्रोत आणि त्याच्याशी एकसरीत जोडलेला एक रोध एवढ्यावर आणता येतं. फ्रेंच तार अभियंता तेवनॅं याने १८८३ मध्ये मांडलेलं हे प्रमेय. मुलं अडखळतात ती रोध काढताना.

सोपे आकडे घेऊ. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून ६ ओहममधून i हा प्रवाह ‘अ’ बिंदूकडे येतो. डिपेंडंट सोर्स तिथेच आणखी 2i ओततो. ‘अ’पासून जमिनीपर्यंत ३ ओहमचा रोध आहे. टोकं मोकळी असताना या ३ ओहममधून 3i वाहतो, म्हणून ‘अ’चा दाब 9i. मग 12 = 6i + 9i, म्हणजे i = ०.८ अँपिअर आणि दाब ७.२ व्होल्ट.

आता टोकं शॉर्ट करा. ‘अ’चा दाब शून्य झाला, i दोन अँपिअर झाला आणि तारेतून 3i म्हणजे ६ अँपिअर वाहिले. ७.२ भागिले ६, रोध १.२ ओहम.

नेहमीची चूक म्हणजे बॅटरीबरोबर डिपेंडंट सोर्सही बंद करणं. मग ६ आणि ३ समांतर धरून उत्तर २ ओहम येतं आणि ते चुकतं. बॅटरी बंद केली तरी बाहेरून दाब दिला की i वाहतो, आणि i असेल तर 2i असणारच. ‘अ’ला येणारा प्रवाह तिप्पट होत असल्यामुळे बाहेरून ६ ओहम २ ओहमइतकाच भासतो. २ आणि ३ समांतर, म्हणून १.२. ट्रान्झिस्टरच्या एमिटरकडून पाहिल्यावर बेसकडचा मोठा रोध लहान दिसतो, तो याच कारणाने.

जाळ्यात स्वतंत्र स्रोत नसेल, तर मोकळा दाब आणि शॉर्टचा प्रवाह दोन्ही शून्य येतात. तेव्हा टोकांवर १ व्होल्ट लावून आत किती प्रवाह जातो ते मोजावं. आपल्या सर्किटमध्ये बॅटरीच्या जागी तार ठेवून हे केलं, तर १/६, १/३ आणि १/३ मिळून ५/६ अँपिअर आत जातो. रोध पुन्हा १.२. डिपेंडंट सोर्सची दिशा उलट असेल, तर रोध ऋणही येऊ शकतो. तो आकडा पाहून चूक झाली असं समजू नका.

शेवटचा पडताळा मात्र टाळू नका. २.४ ओहमचा भार जोडा. समतुल्य सर्किट २ अँपिअर सांगतं, मूळ सर्किटही तेवढंच सांगतं. दोन्ही जुळले तरच उत्तर लिहा.