क्रियापदाआधी एक नकार हवाच

‘कोणीच आलं नाही’ हे स्पॅनिशमध्ये दोन प्रकारे सांगता येतं: ‘नो बिनो नादिए’ किंवा नुसतं ‘नादिए बिनो’. ‘बिनो’ म्हणजे आला किंवा आली, ‘नादिए’ म्हणजे कोणीच नाही. पहिल्या वाक्यात दोन नकार, दुसऱ्यात एक, अर्थ मात्र तोच. शाळेत इंग्रजी व्याकरणात ‘दोन नकारांचा होकार होतो’ असं ऐकलेलं असतं. ते इथे विसरायचं.

नियम क्रियापदाच्या जागेवरून ठरतो. क्रियापदाआधी एक नकार लागतोच. नादिए, नादा (काहीच नाही) किंवा नुन्का (कधीच नाही) यांपैकी एखादा शब्द आधी आला, की काम भागलं. तो मागे गेला, तर रिकाम्या जागी ‘नो’ बसवावा लागतो. म्हणून ‘बिनो नादिए’ चुकीचं आणि ‘नादिए नो बिनो’ही चुकीचं.

मराठी माणूस बहुधा ही दुसरी चूक करतो. आपले ‘कोणी’, ‘काही’, ‘कधी’ स्वतः नकारार्थी नाहीत, त्यामुळे ‘नाही’ आपल्याला सोडता येत नाही. नादिएची गोष्ट वेगळी. ‘कोण आलं?’ याला ‘नादिए’ एवढंच उत्तर पुरतं.

मग मागे गेल्यावर त्याला ‘नो’ची गरज का पडते? नादा आणि नादिए यांचं मूळ ‘जन्मलेला, जन्मलेली’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे ‘जन्माला आलेली एकही वस्तू नाही’ अशा बोलण्यातला नकार वेगळ्या शब्दात होता. सततच्या सोबतीने तो यांच्यात मुरला. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये तर हे शब्द क्रियापदाआधी असूनही सोबत ‘नो’ आढळतो. आजचा नियम नंतर पक्का झाला.

एकाच वाक्यात तिन्ही शब्द आले तरी नियम तोच. ‘नादिए दिहो नुन्का नादा’: कोणीच कधीच काहीच बोललं नाही. पहिला नकार आधी आहे, म्हणून बाकीचे दोघे मागे निर्धास्त राहतात. नादिएला मागे पाठवलं, तर ‘नो दिहो नादिए नुन्का नादा’.

दोन्ही जागा बरोबर असल्या तरी बोलण्यात त्या सारख्याच रुळलेल्या नाहीत. नुन्का बहुतेकदा आधी येतो: ‘नुन्का कोमो कार्ने’, मी मांस कधीच खात नाही. नादा कर्म असेल तर मागेच बरा. ‘नो से नादा’, मला काहीच माहीत नाही, हे रोजचं बोलणं. ‘नादा से’ म्हटलं तर ते पुस्तकी वाटतं. मागच्या नादाचा एक पेचही आहे: ‘नो मे गुस्ता नादा’ म्हणजे ‘मला काहीच आवडत नाही’ किंवा ‘मला ते मुळीच आवडत नाही’. कोणता अर्थ, हे संदर्भच सांगतो.

स्पॅनिश शिकत असाल तर वाक्य लिहून झाल्यावर आधी क्रियापद शोधा आणि त्याच्याआधीचे शब्द तपासा. तिथे नुन्का, नादिए किंवा नादा असेल, तर ‘नो’ खोडून टाका.