रेघ मारलेली ओळही उतरवा

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लाल कापडी बांधणीची लांबट वही सापडते. आजोबांच्या वाणसामानाच्या दुकानातली उधारीची वही. घरातल्या कुणीतरी तिच्यातल्या नोंदी संगणकावर उतरवायचं मनावर घेतं आणि पहिल्याच पानावर अडतं. अक्षर बाळबोध असतं (ते मोडी असेल तर आधी वाचणारा माणूस शोधा), आकडे ओळखीचे असतात, तरी ओळीचा अर्थ लागत नाही. कारण ही वही लिहिणाऱ्याने दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलीच नव्हती. गिऱ्हाईक समोर उभं असताना, एका हातात तागडी धरून, स्वतःला उद्या आठवेल एवढंच त्याने टिपलं.

एक पान घेऊ. खाली दिलेलं पान नमुन्यासाठी मी रचलं आहे, पण दशमान नाण्यांपूर्वीच्या वह्यांत अशा ओळी पानोपानी भेटतात.

```
३   गूळ शे॥ २॥            १।
„   „ १                    ॥
७   तां॥ पा॥ २             १॥
„   हरभरा डा॥ शे॥ २        ॥।   (आडवी रेघ)
„   „ १                    ।=
                          ३॥=
```

पहिला गोंधळ त्या दोन दांड्यांचा. 'शे॥' मधल्या दांड्या शब्द तोडल्याची खूण आहेत, म्हणजे शेर. 'तां॥' म्हणजे तांदूळ, 'पा॥' म्हणजे पायली, 'डा॥' म्हणजे डाळ. पण '२॥' मधल्या दांड्या अर्धा दाखवतात, म्हणजे अडीच. दांड्या अक्षराला चिकटल्या तर संक्षेप आणि अंकाला चिकटल्या तर अपूर्णांक, हा नियम बहुतेक वेळा पुरतो. लेखणी घाईत असली की मात्र दांडी दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. तेव्हा उजवीकडची रक्कम बघायची.

रकमेतही त्याच दांड्या आहेत. रुपयाचे सोळा आणे, म्हणून एक उभी दांडी म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन म्हणजे आठ आणे. तीन म्हणजे बारा. आडव्या रेघा सुट्या आण्यांच्या: एक रेघ एक आणा, दोन रेघा दोन आणे. म्हणजे '१।' हा एक रुपया चार आणे आणि '।=' हे सहा आणे. आता पहिली ओळ पुन्हा पाहा. दुसऱ्या ओळीत एक शेर गूळ आठ आण्यांना आहे. त्या भावाने अडीच शेरांचे वीस आणे होतात, म्हणजेच एक रुपया चार आणे. दोन शेर असता तर रुपयाच झाला असता. दांडी कितीही पुसट असो, तिथे 'अडीच'च आहे.

संक्षेपांची यादी बाहेरच्या कोशातून आणण्यापेक्षा त्याच वहीतून काढावी. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडली की पहिली काही पानं सुबक असतात, शब्द पूर्ण असतात. महिन्याभरात त्याच शब्दांचे तुकडे होतात. त्या पानांवरून यादी सुरू करायची आणि पुढे वाढवत न्यायची. एकाच संक्षेपाचे दोन अर्थ असतात हेही धरून चालावं. नावाआधी 'रा॥' आलं तर राजश्री, नावानंतर गावासोबत आलं तर राहणार. 'ह॥' म्हणजे हस्ते, म्हणजे माल किंवा पैसे ज्याच्या हातून गेले तो. खातं त्याचं नव्हे. या एका अक्षरामुळे गड्याच्या नावावर मालकाची उधारी चढवली गेलेली मी पाहिली आहे.

आता ती चौथी ओळ. तिच्यावर आडवी रेघ आहे, म्हणून उतरवणारा तिला वगळतो. इथेच घात होतो. पाचव्या ओळीतलं '„' हे 'वरीलप्रमाणे' आहे आणि त्याच्या वर लिहिलेली ओळ डाळीची आहे. ती गाळली की '„' आपोआप तांदळाला जाऊन चिकटतं आणि संगणकावर 'तांदूळ, पायली १, सहा आणे' अशी नोंद उमटते. शेराऐवजी पायलीही तिथूनच येते. गंमत म्हणजे पानाची बेरीज तरीही जुळते, कारण आकडा बदललेलाच नाही. चूक सापडते ती भावात. तिसऱ्या ओळीत दोन पायली तांदूळ दीड रुपयाला, म्हणजे पायलीला बारा आणे; पाचव्या ओळीत सहाच आणे कसे? रेघेखालच्या ओळीत डाळ मात्र दोन शेर बारा आण्यांना आहे, म्हणजे शेराला सहा. गिऱ्हाइकाने बहुधा दोन शेर सांगून एकच नेली. म्हणून सगळ्या ओळी, रेघ असो वा नसो, जशाच्या तशा आधी उतरवायच्या. '„' चा उलगडा त्यानंतर, शेजारच्या वेगळ्या रकान्यात. मूळ खूण पुसून तिथे थेट 'डाळ' लिहिलं, तर पुढे शंका आली तरी तपासायला काही उरत नाही.

रेघ खरोखर रद्द करणारी आहे का, हे बेरीज सांगते. रेघेची ओळ सोडून रकमा मिळवल्या तर तीन रुपये दहा आणे होतात, धरून मिळवल्या तर चार रुपये सहा आणे. पानाखाली '३॥=' आहे, म्हणजे तीन रुपये दहा आणे. ओळ बेरजेआधीच रद्द झाली होती. तिथे '४।=' असतं, तर रेघ बेरजेनंतरची ठरली असती; मग माल परत आला असेल किंवा तेवढेच पैसे मिळाले असतील, आणि त्याचा माग जमेच्या बाजूला शोधावा लागला असता.

पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ असेल तर ती अगदी वेगळी. ती खातं चुकतं झाल्याची खूण आहे. तिच्याखालच्या सगळ्या ओळी खऱ्या व्यवहारांच्या आहेत आणि त्या सगळ्या घ्यायच्या. अशी पानं 'रद्द' समजून सोडली, तर वहीत फक्त बुडीत उधारी उरते आणि सगळं गाव कर्जबुडवं दिसायला लागतं.

संगणकाचा स्वतःचा एक उपद्रव आहे. 3-10 टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं आणि 3.10 टाइप केलं की शेवटचं शून्य गिळतं. मग दहा आण्यांचा एक आणा होतो. रुपये, आणे, पै असे तीन रकाने ठेवावेत आणि चौथ्यात सगळ्याच्या पै कराव्यात. आण्याच्या बारा पै, रुपयाच्या १९२:

```
=A2*192+B2*12+C2
```

आपल्या पानाची बेरीज ६९६ पै येते आणि मग पान तपासणं हे साध्या बेरजेचं काम होतं. शेर-पायलीचे किलो मात्र करत बसू नये. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा. त्यातून धान्याचं माप वेगळं आणि तागडीतला शेर वेगळा. दुकानदाराने जे लिहिलं तेच राहू द्यावं.

वही १९५७ सालची असेल तर आणखी जपावं. त्या वर्षी १ एप्रिलपासून नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. आणे एकदम व्यवहारातून गेले नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये आणे असलेल्या त्याच रकान्यात मे महिन्यात नवे पैसे असू शकतात आणि वर तशी टीप नसते. आण्यांच्या जागी पंधरापेक्षा मोठा आकडा पहिल्यांदा जिथे येतो, तिथे बदल नक्की झालेला असतो. त्याआधीच्या दोन-चार पानांची बेरीज दोन्ही हिशेबांनी करून पाहायची. जी जुळेल ती त्या पानाची पद्धत. एकही जुळली नाही, तर रकान्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून पुढच्या पानाकडे वळायचं.