भांडून गेलेल्याचं पत्र

नोकरी सोडताना दोन पत्रं मिळतात. रिलीव्हिंग लेटर राजीनामा स्वीकारून अमुक तारखेला कार्यमुक्त केल्याचं सांगतं. अनुभवपत्र हुद्दा, कालावधी आणि कामाचं स्वरूप. सलोख्यानं जाणाऱ्यासाठी ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढी ओळ पुरते.

खरी पंचाईत वादात. समजा, एका लेखापालानं 60 दिवसांच्या नोटिशीतले 35 दिवस भरले आणि साहेबांशी खटका उडून निघून गेला. उरलेल्या 25 दिवसांचा पगार करारानुसार कापायचा असेल, तर तो अखेरच्या हिशेबाच्या कागदावर दाखवावा. अनुभवपत्रात फक्त रुजू तारीख, शेवटचा दिवस, हुद्दा, काम. शेवटचा दिवस म्हणजे पस्तिसावा. साठावा लिहिला, तर नव्या कंपनीच्या पडताळणीत तारखा जुळत नाहीत आणि संशय त्याच्यावरच येतो.

‘बेजबाबदार’ हा शेरा मारू नये. चौकशीत सिद्ध न झालेला आरोप बदनामीच्या दाव्याला आमंत्रण देतो. खोटी स्तुतीही नको, कारण पुढे गैरवर्तनाचा वाद कोर्टात गेला तर कंपनीचंच पत्र तिच्याविरुद्ध वापरलं जातं. वर्तणुकीची ओळ सरळ गाळावी. वाचणाऱ्या एचआरला ती गैरहजेरी कळते, हे मात्र खरं.