ऑडिट रिपोर्टाचे पहिले पान : आक्षेपांची वजने व एकूण शेरा

आमच्या कापड व्यवसायातील अनेक पेढ्या आता प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या झाल्या असून त्यांच्यात अंतर्गत ऑडिटही होऊ लागले आहे. मात्र चाळीस पानांचा रिपोर्ट संचालकांच्या टेबलावर येतो, तेव्हा तो पूर्ण वाचण्याची फुरसत कोणाला असते? पेटी कॅशच्या व्हाऊचरवर सही नाही ही बाब चौथ्या पानावर असते आणि लाखोंचे कापड जुळत नाही ही बाब एकतिसाव्या पानावर. म्हणून प्रत्येक आक्षेपाला गंभीरतेची श्रेणी आणि संपूर्ण रिपोर्टाला एकच शेरा देण्याची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय अंतर्गत ऑडिट संस्थेची नवी मानके ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. त्यांतही आक्षेपांचा अग्रक्रम त्यांच्या महत्त्वानुसार लावण्यास सांगितले आहे.

ही श्रेणी कशी ठरते, हे एका कल्पित कंपनीच्या उदाहरणाने पाहू. भिवंडीहून ग्रे कापड घेऊन ते प्रोसेस हाऊसमध्ये रंगवून विकणारी ही कंपनी असून तिचा वार्षिक नफा ६० लाख रुपये आहे. संचालकांनी ऑडिट सुरू होण्याआधीच मोजमाप ठरवून दिले. ३ लाखांहून अधिक, म्हणजे नफ्याच्या ५ टक्क्यांहून जास्त नुकसान होऊ शकेल तो आक्षेप 'गंभीर', ६० हजार ते ३ लाखांपर्यंतचा 'मध्यम' आणि त्याखालचा 'किरकोळ'.

ऑडिटमध्ये चार आक्षेप निघाले. पहिला असा की, वहीप्रमाणे प्रोसेस हाऊसमध्ये १,२०,००० मीटर ग्रे पडून हवे, पण त्यांच्या सहीच्या पत्रकात १,०८,००० मीटरच आहे. फरक १२,००० मीटरचा, म्हणजे ४५ रुपये भावाने ५,४०,००० रुपयांचा. मुनीमजी म्हणतील, ही घट आहे. परंतु घट ही माल रंगून परत आल्यावर धरली जाते. न रंगलेल्या मालात ती कशी येईल? शिवाय जॉबवर्कला पाठवलेला माल एक वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार तो पाठवल्या दिवशीच पुरवला असे मानले जाते. तेव्हा हा आक्षेप गंभीर.

दुसरा आक्षेप असा की, नव्या पार्टीचा बँक खाते क्रमांक भरणारा आणि पैसे सोडणारा कारकून एकच आहे. आजवर एक पैसाही गेलेला नाही, तरीही हा गंभीरच. किती गेले यावर श्रेणी ठरत नसते. वाट उघडी राहिल्यास किती जाऊ शकते आणि ते घडण्याचा संभव किती, यावर ती ठरते. तिसरा, तीन व्यापाऱ्यांना मर्यादेपलीकडे एकूण २ लाखांची उधारी दिली गेली. हा मध्यम. चौथा, ९,००० रुपयांच्या व्हाऊचरवर सह्या नाहीत. हा किरकोळ.

आता एकूण शेरा. गंभीरला ३, मध्यमला २ आणि किरकोळला १ गुण देऊन सरासरी काढण्याचा मोह होतो. आमच्या चार आक्षेपांची सरासरी २.२५, म्हणजे 'मध्यम' येते. त्यात आणखी दहा किरकोळ आक्षेप निघाले तर ती १.३६ वर उतरते. म्हणजे दोष वाढले आणि शेरा सुधारला! म्हणून सरासरी नको, आधी लिहून ठेवलेला नियम हवा. दोन किंवा अधिक गंभीर आक्षेप असतील तर 'असमाधानकारक'. एक गंभीर, किंवा चार वा अधिक मध्यम असतील तर 'सुधारणा आवश्यक'. अन्यथा 'समाधानकारक'. या नियमाने आमच्या कंपनीचा शेरा असमाधानकारक ठरतो.

पहिल्या पानावर एवढेच असावे : शेरा, तिन्ही श्रेणींतील आक्षेपांची संख्या आणि प्रत्येक गंभीर आक्षेपाविषयी दोन ओळी, त्यात जबाबदार व्यक्तीचे नाव व दुरुस्तीची तारीख.

खरी ओढाताण मसुदा व अंतिम रिपोर्ट यांच्या दरम्यान होते. मॅनेजर म्हणतो, "दुसऱ्याच दिवशी पासवर्ड वेगळे केले, आता तरी मध्यम लिहा." येथे श्रेणी बदलू नये. ती ऑडिटच्या वेळच्या स्थितीची असते. शेजारी 'दुरुस्त, तपासले' असे तारखेसह लिहिले म्हणजे मॅनेजरलाही न्याय मिळतो. नवा पुरावा आला तरच श्रेणी बदलावी. उदाहरणार्थ, ते १२,००० मीटर दुसऱ्या प्रोसेस हाऊसकडे हलवल्याचे चलन व त्यांची पोच मिळाली तर. मागच्या वर्षीचाच आक्षेप पुन्हा निघाला, तर मात्र तो एक पायरी वर चढवावा.

संचालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, शेरा फक्त तपासलेल्या विभागाचा व मुदतीचा असतो. गोदामाचा 'समाधानकारक' शेरा उधारीच्या वहीला लागू होत नाही.