एका अक्षराने मोडणारा काटकोन

उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दिशा एकमेकींना लंब आहेत, म्हणून उत्तरेला किती चाललो हे मोजताना पूर्वेकडे पाहावं लागत नाही. आकडेमोडीत मात्र हाती येणारे सदिश बहुधा तिरके, एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्यापासून परस्परांना लंब असे सदिश तयार करण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत म्हणजे ग्राम-श्मिट. डेन्मार्कच्या योर्गेन ग्रामने १८८३ मध्ये आणि एरहार्ड श्मिटने १९०७ मध्ये मांडलेल्या कामावरून हे नाव पडलं.

रीत सोपी आहे. पहिला सदिश घ्या आणि त्याची लांबी १ करा. दुसऱ्यातून पहिल्याच्या दिशेचा भाग वजा करा. जे उरेल ते पहिल्याला लंब. तिसऱ्यातून पहिल्या दोन्ही दिशांचे भाग वजा करा. एखाद्या दिशेचा भाग किती, हे अदिश गुणाकाराने कळतं.

आता तिसऱ्याच्या वेळी एक प्रश्न येतो. दुसऱ्या दिशेचा भाग मोजायचा तो मूळ सदिशातून, की पहिला भाग वजा करून उरलेल्यातून? मूळ सदिशातून मोजला तर ती अभिजात पद्धत, उरलेल्यातून मोजला तर सुधारित. पायथॉनमध्ये लिहिलं तर फरक एका अक्षराचा आहे. दोन्हीकडे `v` ची सुरुवात `a` ची प्रत म्हणून होते:

```python
v -= (q[i] @ a) * q[i]   # अभिजात
v -= (q[i] @ v) * q[i]   # सुधारित
```

कागदावर दोन्हींचं उत्तर एकच. पहिल्या दोन दिशा अचूक लंब असतील, तर पहिलीचा भाग काढल्याने दुसरीचा भाग बदलतच नाही. सगळी भिस्त त्या ‘अचूक’वर आहे.

संगणक नेहमीच्या डबल प्रिसिजनमध्ये साधारण १६ दशांश अंक जपतो. त्यामुळे १ मध्ये १०⁻¹⁶ मिळवले तर उत्तर १ च येतं, मिळवलेलं गायब. हे लक्षात ठेवून लॉयख्लीच्या नावाने ओळखलं जाणारं उदाहरण हाताने करून पाहू. ε म्हणजे १०⁻⁸. तीन सदिश घ्या: (१, ε, ०, ०), (१, ०, ε, ०) आणि (१, ०, ०, ε). तिघेही जवळजवळ एकाच दिशेला पाहणारे.

पहिल्याच्या लांबीचा वर्ग १ + ε², म्हणजे संगणकाच्या लेखी १. तो सदिश आहे तसाच राहतो. दुसऱ्यातून तो वजा केला की (०, −ε, ε, ०) उरतो आणि लांबी १ केली की (०, −१, १, ०)/√२. पहिला घटक खरं तर अगदी शून्य नव्हता, ε² च्या घरातला होता; तो बुडाला. म्हणून पहिल्या दोन दिशांत आता नेमका काटकोन नाही, किंचित कसर आहे.

तिसरा सदिश इथेच अडकतो. अभिजात पद्धत मूळ (१, ०, ०, ε) चा दुसऱ्या दिशेतला भाग मोजते आणि उत्तर येतं शून्य. खरं उत्तर सुमारे ε/√२ होतं, पण ते त्या बुडालेल्या घटकातूनच येणार होतं. मग फक्त पहिली दिशा वजा होते आणि (०, −१, ०, १)/√२ हाती येतो. याचा दुसऱ्याशी अदिश गुणाकार करा: १/२. म्हणजे कोन ६० अंशांचा! ९० अंशांत बारीकशी चूक झाली असं नाही, लंबपणाच गेला.

सुधारित पद्धत आधी पहिली दिशा वजा करते. उरतो (०, −ε, ०, ε), आणि त्याचा दुसऱ्या दिशेतला भाग भरतो ε/√२. पहिल्या वजाबाकीत शिरलेली चूक या उरलेल्या सदिशात दिसते, म्हणून पुढची पायरी तीही काढून टाकते. शेवटी (०, −१, −१, २)/√६ मिळतो, दुसऱ्याला नेमका लंब. पहिल्याशी कसर राहते ती ε च्या घरातली.

ही कसर सुधारित पद्धतीलाही चुकत नाही. ओके ब्यर्कने १९६७ मध्ये दाखवलं की तिथे लंबपणाची हानी ‘कंडिशन नंबर’च्या, म्हणजे सदिश एकमेकांत किती गुंतले आहेत त्या मापाच्या, प्रमाणात वाढते. अभिजात पद्धतीत ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू शकते. आपल्या उदाहरणात हा आकडा सुमारे १७ कोटी. त्याला १०⁻¹⁶ ने गुणलं तर हानी १०⁻⁸ च्या आसपास. त्याच्या वर्गाला गुणलं तर १ च्या वर, म्हणजे काहीच हाती नाही.

फसगत होते ती तपासणीत. उत्तरातले Q आणि R गुणून मूळ A परत येतो का, हे अनेक जण पाहतात. तो दोन्ही पद्धतींत उत्तम येतो, कारण जे वजा केलं ते R मध्ये नोंदलेलंच असतं. तपासायचं ते `Q.T @ Q`: कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे जवळजवळ ० आहेत का.

तरीही अभिजात पद्धत अडगळीत गेलेली नाही. तिचे सगळे अदिश गुणाकार मूळ सदिशावरच होत असल्याने ते एकदम करता येतात. हजारो प्रोसेसरांच्या यंत्रावर एकमेकांची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचतो. सुधारितला एकेका पायरीसाठी थांबावं लागतं. म्हणून अशा यंत्रांवर अनेकदा अभिजात पद्धतच वापरतात, पण प्रत्येक सदिशावर दोनदा. सदिश अगदीच एकमेकांवर अवलंबून नसतील तर दुसऱ्या फेरीत लंबपणा जवळजवळ सोळाही अंकांपर्यंत परत येतो, आणि तिसरी फेरी सहसा लागत नाही.